‘किंमत इनबॉक्समध्ये’ लिहिणाऱ्या ठाण्यातल्या साडीवाल्या ताईंना खुलं पत्र

प्रिय ताईंनो,

तुमच्यातल्या काहींची दुकानं गोखले रोडला, जांभळी नाक्याला आहेत. बऱ्याच जणी मात्र घरूनच विकता. घोडबंदरच्या टॉवरमधला एक पलंग साड्यांना दिलेला, दाराला हँगर अडकवलेलं, बाल्कनीच्या उजेडात फोटो काढायचे आणि लगेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नि इन्स्टाग्रामवर टाकायचे. तुमच्या अशा बऱ्याच ग्रुपांवर मी आहे. मला साड्यांची हौस आहे, नोकरी आहे, पैसे वेळेवर पाठवते. फक्त मला दिसत नाही. तिशीनंतर डोळे हळूहळू गेले, त्यामुळे रंग अजून पक्के आठवतात. पण तुमचा फोटो माझ्यापर्यंत येतो तो स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या, फोनमधल्या टॉकबॅकच्या आवाजातून, आणि टॉकबॅक आपणहून वाचतो ते फोटोसोबत लिहिलेले शब्द.

ते शब्द सध्या कसे असतात ते ऐका. ‘न्यू अरायव्हल, आग, आग, आग, लाल हृदय, लाल हृदय, दिसताच प्रेमात पडाल, लिमिटेड पीस, किंमत फोटोवर.’ आग म्हणजे तुम्ही टाकलेलं इमोजी. तुम्ही तीन टाकलीत की मला तीनदा ऐकावं लागतं. किंमत फोटोवर रंगीत अक्षरांत छापलेली, म्हणजे माझ्यासाठी नाहीच. इन्स्टाग्रामवर तुम्ही वर्णन लिहिलं नसेल तर ॲप स्वतःच अंदाज बांधतं आणि मला ऐकू येतं: `May be an image of 1 person`. एक माणूस असावा म्हणे. फेसबुकने अशी आपोआप वर्णनं २०१६ साली आणली, इन्स्टाग्रामवर ती २०१८ मध्ये आली. त्यातून माणूस, झाड, पाणी कळतं. काठ मरून आहे की राणी, हे त्यातून मला आजवर कळलेलं नाही.

मग मी भाचीला फोन करते. ती सांगते, ‘मावशी, हिरवी आहे गं, छान आहे.’ हिरवी आणि छान, एवढ्यावर मी अडीच हजार घालू?

तुमच्याकडून मला साहित्य नको आहे. दुकानात गादीवर बसलेला माणूस साडी उलगडताना बोलतो, तेवढं लिहिलंत तरी पुरे. तो म्हणतो, ‘सुती आहे, अंग बॉटल ग्रीन, काठ मरून, पदर भरलेला, ब्लाऊजपीस आतच, काठाला मॅचिंग.’ एका दमात सगळं सांगून होतं आणि क्रमही बरोबर असतो: आधी कापड कोणतं, मग अंग, मग काठ, मग पदर, मग ब्लाऊज. तुम्हालाही हे येतंच. लाइव्हमध्ये तुम्ही तसं बोलायला सुरुवातही करता, पण तिसऱ्या साडीपासून ‘ही बघा, इथे असं आलंय, आणि हे इकडे असं’ सुरू होतं. ‘असं’ म्हणजे कसं, ते तुमच्या बोटाला माहीत आणि कॅमेऱ्याला.

एक फोटो पूर्ण करून दाखवते. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर सगळं ठाणं नटून येतं, तेव्हा तुमच्यातल्या एकीने आपल्या बहिणीचा फोटो काढून टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘आमची इरकल, आमची शान’. भाचीला शेजारी बसवून मी तिच्याकडून त्या फोटोचं वर्णन काढून घेतलं. पहिला प्रयत्न होता, ‘हिरव्या साडीतली बाई, मागे गर्दी.’ हे चुकीचं नाही, पण यावर साडी निवडता येत नाही. मग तिला जरा जोर चढला. बाईच्या हातातला फोन, मागचा आकाशकंदील, कुणाचा तरी अर्धा कापला गेलेला खांदा, बाईचं हसू, कानातले, टिकली, सगळं आलं. साडी आली शेवटी, तोवर माझं लक्ष उडालं होतं. टॉकबॅक वर्णन एका दमात वाचतो. मधलंच एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं तर बोटांची कसरत करावी लागते, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जे विकायचंय ते आधी आलं पाहिजे.

तिसऱ्या वेळी जमलं ते असं:

‘सुती इरकल, अंग गडद हिरवं, साधं, बुट्टे नाहीत. काठ मरून, चार बोटं रुंद, त्यात पिवळ्या बारीक उभ्या रेघा. पदर लाल, त्यावर पांढरे आडवे पट्टे, पट्ट्यांच्या कडा करवती. सहावारी नेसलेली, पदर निऱ्या घालून डाव्या खांद्यावर पिन केलेला, त्यामुळे पदराचं काम समोरून अर्धंच दिसतं. ब्लाऊज काळ्या खणाचा, कोपरापर्यंत बाही, बाहीला साडीसारखाच मरून काठ. गळ्यात ऑक्सिडाइजची लांब माळ. दिवाळी पहाट, राम मारुती रोड.’

यात कुठे थांबले ते बघा. ‘बुट्टे नाहीत’ हे मुद्दाम ठेवलंय, कारण नाही म्हणून सांगितलं नाही तर मला वाटत राहतं की तुम्ही सांगायचं विसरलात. काठाची रुंदी बोटांत दिली, कारण ‘मोठा काठ’ म्हणजे कुणाला दोन बोटं आणि कुणाला वीतभर. पदर अर्धाच दिसतो हे लिहिलं, म्हणजे पदराचा वेगळा फोटो आहे का हे मी विचारू शकते. दिसणाऱ्या बाईलाही तो प्रश्न पडतोच, फक्त ती फोटो मोठा करून बघते. गर्दी, कंदील, फोन हे सगळं गेलं. जागा राहिली, कारण कुठल्या प्रसंगाला हे नेसलंय ते त्यातून कळतं. तुम्ही साडी विकत नसता, नुसता दिवाळीचा फोटो टाकला असता, तर गर्दी आणि कंदील ठेवायला मीच सांगितलं असतं. फोटो कशासाठी टाकलाय, त्यावर काय ठेवायचं ते ठरतं.

इरकलचं अजून एक. तिच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो, मागावर एकेक धागा फासात अडकवून जोडलेला, म्हणून अंग कुठल्याही रंगाचं असलं तरी पदर सहसा लालच निघतो. हे जाणणाऱ्या बाईला ‘इरकल’ म्हटलं की पदराचा अंदाज येतो. तरी पदर लिहाच, कारण हल्ली पॉवरलूमवर इरकलच्या नावाने वाट्टेल ते येतं आणि नेमकं तेच आम्हाला ताडून बघायचं असतं. पैठणीतही तसंच. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट-सुलट दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो, सेमीमध्ये मागे सुटे धागे दिसतात. दुकानात असते तर मी पदराखाली बोट घालून एका क्षणात ओळखलं असतं. फोटोत माझं बोट जात नाही. तेव्हा ‘सेमी पैठणी, पदराला मागून जाळी लावलेली’ असं सरळ लिहा. लपवलंत तर घरी आल्यावर मला डोळसांपेक्षा आधी कळेल.

आता रंग. इथे तुमची आणि माझी सगळ्यात जास्त चुकामूक होते.

काही जणी मला विचारतात, तुम्हाला रंग सांगून काय करायचंय? ज्या जन्मापासून बघत नाहीत, त्यांच्याबाबत तर हा प्रश्न हमखास येतो. माझी एक मैत्रीण जन्मांध आहे, वाशीला बँकेत आहे. नवरात्रात तिच्या शाखेत सगळ्या जणी त्या दिवसाचा रंग घालून येतात. राखाडीच्या दिवशी तिला फिकट निळा घालून जायचं नसतं. संक्रांतीला काळं लागतं, कुणाच्या दिवसकार्याला जाताना लाल-पिवळं नको असतं, गुलाबी कुर्त्यावर नारिंगी ओढणी चालेल का हे ठरवायचं असतं. रंग डोळ्यांना दिसला नाही तरी तो घालून माणसांतच जायचं असतं. तिच्या कपाटात प्रत्येक कुर्त्याच्या शिवणीत एक बारीक खूण आहे, आणि ती खूण घालायला तिला विकत घेतानाच खरा रंग कळावा लागतो.

रंगाचं नाव एकटं पुरत नाही. मोरपिशी म्हटलं की कुणाला निळा आठवतो, कुणाला हिरवा. रामा ग्रीन, पिस्ता, सी ग्रीन यांचं तर विचारू नका. म्हणून नावाबरोबर दोन गोष्टी जोडा: गडद की फिकट, आणि कुठल्या रंगाकडे झुकतो. ‘मोरपिशी, गडद, निळ्याकडे जाणारा.’ ‘आमसुली, जवळजवळ काळपट, उन्हात लालसर.’ एवढं पुरतं. आठवणीतल्या वस्तूचं नाव घेतलंत तरी चालतं, डाळिंबी, श्रीखंडी, विटकरी ही नावं त्यासाठीच चांगली आहेत. फक्त जन्मांध वाचकाला श्रीखंड चवीने माहीत असतं, रंगाने असेलच असं नाही, म्हणून ‘श्रीखंडी, म्हणजे फिकट पिवळसर’ असं एकदा लिहिलं की काम झालं. आणि कंपनीच्या चिठ्ठीवरची ‘ब्लश’, ‘वाइन’, ‘ओनियन’ ही नावं तशीच उतरवू नका. ओनियन म्हणजे कांद्याचा रंग हे कळलं, पण सालीचा की आतला?

धूपछाँव साडी लिहिणं सगळ्यात अवघड, आणि तीच बहुतेक वेळा ‘ड्युअल शेड’ या दोन शब्दांत उरकली जाते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कापड हललं की रंग बदलतो. हे जसं घडतं तसंच लिहा: ‘सपाट धरली तर हिरवी, घडी पडते तिथे जांभळी झाक.’ कुठे काय दिसतं ते कळलं की नेसल्यावर निऱ्यांमध्ये जांभळा येणार हे माझं मलाच समजतं आणि मी ब्लाऊज जांभळा निवडते.

हे सगळं फोनच्या स्क्रीनवरचा फोटो बघून लिहू नका. पिवळ्या दिव्यात ऑफव्हाइट कापड क्रीम दिसतं, नेव्ही ब्लू काळं दिसतं, आणि कॅमेरा वरून आपली कलाकारी करतो. साडी खिडकीशी न्या, दिवसाच्या उजेडात बघा आणि लिहा. ‘फोटोत काळी वाटते, प्रत्यक्षात गडद वांगी आहे’ हे वाक्य जिने लिहिलं असेल तिच्याकडून मी डोळे मिटून, म्हणजे तसे ते मिटलेलेच आहेत, खरेदी करते.

कुर्ते आणि ड्रेसच्या फोटोत प्रश्न वेगळा असतो. साडी कुणालाही येते, कुर्ता येत नाही. ‘उंची ४० इंच’ हे बरोबर आहे, पण पाच फूट दोन इंचाच्या मुलीला तो पोटरीच्या मध्यावर येईल आणि पाच फूट सात इंचाच्या मुलीला गुडघ्याच्या जरा खाली. फोटोत घालून दाखवणाऱ्या मुलीची उंची आणि कुर्ता तिला कुठपर्यंत आला ते लिहा, की बाकीचं गणित माझं मी करते. बाजूचे कट कमरेपासून की मांडीपासून, गळा पुढून किती खोल, बाही पारदर्शक आहे का, आतून अस्तर आहे का. यातलं अस्तर फोटोत दिसतच नाही, पण ते तुम्हाला माहीत असतं. नक्षी कुठे आहे तेही हवं. ‘एम्ब्रॉयडरी वर्क’ म्हणजे छातीवर एक फूल की घेराला सगळीकडे, यात ऑफिस आणि हळदीकुंकू एवढा फरक आहे.

त्या मुलीचं काय लिहायचं, हाही प्रश्न तुमच्यातल्या एकीने मला विचारला होता. तिची उंची आणि अंगलट कपडा कसा बसतो हे कळण्यापुरती लिहा. ‘स्लिम दिसते’, ‘गोऱ्या रंगावर खुलते’ ही वाक्यं काढून टाका. ती कपड्याबद्दल काही सांगत नाहीत, आणि ज्या गोऱ्या नाहीत त्या गिऱ्हाइकांना मात्र बरंच काही सांगून जातात. ‘क्लासी’, ‘रॉयल लुक’ यांचंही तेच. लिहायची हौस असेल तर खाली वेगळी ओळ लिहा, पण काठाच्या जागी ‘रॉयल’ नको.

हे लिहायचं कुठे? इन्स्टाग्रामवर पोस्ट करण्याआधीच्या शेवटच्या पानावर, जास्तीच्या पर्यायांत, `Write alt text` असा रकाना असतो. तो डोळसांना दिसत नाही, फक्त टॉकबॅक किंवा आयफोनमधला व्हॉइसओव्हर वाचतो. एका पोस्टमध्ये पाच फोटो असतील तर प्रत्येकाला वेगळा रकाना मिळतो. तिथे पाचही ठिकाणी तेच वर्णन चिकटवू नका. पहिल्यात पूर्ण लिहा, बाकीच्यांत फक्त नवीन असेल ते: ‘पदर जवळून’, ‘ब्लाऊजपीस, काठासकट’. जुन्या पोस्टलाही तीन टिंबांवर जाऊन `Edit` केलं की वर्णन जोडता येतं. ‘फोटोमध्ये’ किंवा ‘या चित्रात’ अशी सुरुवात नको, कारण हा फोटो आहे हे टॉकबॅक आधीच सांगून मोकळा होतो.

व्हॉट्सॲपवर आपण फोटो पाठवतो तिथे असा वेगळा रकाना नाही. तिथे फोटोखालच्या कॅप्शनमध्येच लिहावं लागतं. अडचण येते ती एकदम दहा फोटो पाठवल्यावर. कॅप्शन एकालाच असतं, बाकीचे नऊ मुके. प्रत्येक साडीला क्रमांक द्या आणि तो क्रमांक कॅप्शनमध्ये टाइप करा, नुसता फोटोवर छापू नका. किंमतही तिथेच. ‘साडी ७, १८५०’ असं आलं की मला ऑर्डर देताना ‘ती हिरवी, वरून तिसरी का चौथी’ असं म्हणावं लागत नाही. रील करत असाल तर नुसतं गाणं टाकू नका, तुमच्या आवाजात अंग-काठ-पदर बोला. स्वतःची वेबसाइट असेल तर फोटो चढवताना तिथेही alt text चा रकाना येतो. तो रिकामा ठेवला की कधी कधी मला फाइलचं नाव ऐकावं लागतं, आणि आयएमजी अंडरस्कोअर वीस हजार काहीतरी या साडीचं पुढे काय करायचं ते मला कळत नाही.

मराठी लिहायचं तर देवनागरीत लिहा. इंग्रजी अक्षरांतली मराठी माझा फोन इंग्रजी उच्चारांनी वाचतो, आणि त्यातून ‘पदर’ ओळखायला मला कोडं सोडवायला लागतं. कॅप्शनला नटवायला ती नक्षीदार इंग्रजी अक्षरं कुठल्या तरी ॲपमधून आणून चिकटवता, ती दिसायला अक्षरं असली तरी मुळात गणिताची चिन्हं असतात. टॉकबॅक ती गाळतो तरी, किंवा एकेकाचं नाव घेत बसतो.

जमलंय की नाही ते तपासायला माझ्यासारखी कुणी सापडायची वाट बघू नका. तुमच्या बहिणीला फोन लावा, फोटो पाठवू नका, लिहिलेलं वाचून दाखवा आणि विचारा, ‘यावर ब्लाऊज कुठला घालशील?’ तिने पटकन उत्तर दिलं तर वर्णन पूर्ण आहे. तिने उलट विचारलं, ‘काठाला जर आहे का गं?’, तर तेवढंच राहिलंय. ते घाला. मी सांगते, पहिल्या काही वेळा जरीचंच राहतं. जर आहे की नाही, सोनेरी की चंदेरी की तांब्याच्या रंगाची, हे दिसणाऱ्याला इतकं चटकन दिसतं की लिहायचं सुचत नाही.

अगदी हौस असेल तर फोनच्या सेटिंग्जमधून टॉकबॅक सुरू करून स्वतःचीच पोस्ट ऐका. फक्त तो बंद कसा करायचा ते आधी वाचून ठेवा. सुरू झाल्यावर एकदा टॅप केलं की तो नुसतं नाव वाचतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. तुमच्यातल्या एकीने ऐन गुढीपाडव्याच्या सेलच्या सकाळी हा प्रयोग केला आणि मग तो बंद कसा करायचा हे विचारायला मला दुसऱ्याच्या फोनवरून फोन केला.

तुमची,
नौपाड्यातली एक गिऱ्हाईक

ता. क. गेल्या आठवड्यात ग्रुपवर आलेली जांभळी नारायणपेठ अजून आहे का? कॅप्शनमध्ये अंग आणि पदर आहे, काठ राहिलाय. दोन्हीकडे सारखा आहे की गंगा-जमुना? गंगा-जमुना असेल तर दोन्ही रंग लिहा आणि माझ्यासाठी बाजूला ठेवा. दोन्हीकडे सारखा असेल तर नको, तशी माझ्याकडे आहे.